विषयाच्या ओळीत काय लिहायचं आणि मेलमध्ये काय ठेवायचं

माझ्या भाचीने अर्जाचा मेल पाठवायच्या आधी मला दाखवायला म्हणून माझ्याच पत्त्यावर टाकला. माझ्या फोनवर तो असा दिसला. पाठवणाऱ्याच्या जागी नाव ‘पप्पा मोबाईल’. त्याखाली ठळक अक्षरात विषय, `Resume`. त्याच्याही खाली करड्या अक्षरात मजकुराची सुरुवात, ‘आदरणीय सर/मॅडम, आपणास सविनय कळवू इच्छिते की मी एक…’ आणि तिथे ओळ तुटलेली.

मी तिला म्हटलं, “बाई, तू कोण, कशासाठी मेल केलास, यातलं काहीच मला कळलं नाही.” ती म्हणाली, “आत्या, पण तू उघडलाच नाहीस की अजून!”

सगळा मुद्दा तिथेच आहे. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी भरतीचं काम बघते. जाहिरात दिली की सकाळी चहा पिता पिता मेलची यादी फोनवरच वरून खाली सरकवायची, ही रोजची पद्धत. यादीत प्रत्येक मेलच्या तीनच गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचं नाव, विषयाची ओळ, आणि मजकुरातले पहिले पाच-सात शब्द. कोणता मेल आधी उघडायचा हे या तिन्हीवर ठरतं. रिझ्युमे कितीही चांगला असला तरी तो या दाराच्या आत आहे. म्हणून मेल लिहायला बसताना आधी या तीन गोष्टी लिहायच्या, बाकीचं नंतर.

भाचीची गोष्टच पुढे नेते, म्हणजे नीट कळेल. तिला मिळालेली जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती आणि मराठीत होती. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला अकाउंट्स असिस्टंट पाहिजे होता. टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम यायला हवं, अनुभव दोन वर्षं, रिझ्युमे मेल करा, एवढाच मजकूर. भाची बी.कॉम. आहे, एका सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसात वीस महिने काम करते आहे. जाहिरातीत मागितलेलं जवळजवळ सगळं तिला येतं. मेल वाचून मात्र ते कळत नव्हतं.

आधी नावाचं घेऊ, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. तिचा जीमेल पत्ता शाळेत असताना वडिलांच्या फोनवर उघडलेला, त्यामुळे नाव तसंच राहिलेलं. आपल्याला आपल्या पाठवलेल्या मेलमध्ये ते दिसत नाही, समोरच्याला दिसतं. जीमेलच्या फोनवरच्या अ‍ॅपमधून हे बदलता येत नाही. कॉम्प्युटरवर जीमेल उघडायचं, `Settings` मधून `See all settings`, मग `Accounts and Import`, तिथे `Send mail as` समोर `edit info`. तिथे पूर्ण नाव टाकायचं, जे रिझ्युमेवर आहे तेच. दुसऱ्या कुणाच्या पत्त्यावर एक मेल टाकून ते बदललंय का बघायचं. पत्ताही लाजिरवाणा असेल, म्हणजे त्यात ‘रॉकिंग’ किंवा ‘किंग’ वगैरे असेल, तर नोकरीसाठी नवीन पत्ता उघडलेला बरा.

आता विषय. `Resume` हा शब्द चूक नाही, पण त्या दिवशी आलेल्या निम्म्या मेलवर तोच असतो. भाचीने दुसरा प्रयत्न केला तो असा:

> आपल्या नामांकित कंपनीमध्ये अकाउंट्स असिस्टंट या पदाकरिता अर्ज सादर करण्याबाबत

शाळेत अर्जलेखन शिकवतात ना, त्याची ही कृपा. कागदावर ठीक आहे. फोनवर मात्र यातलं ‘आपल्या नामांकित कंपनीमध्ये अका…’ एवढंच दिसतं. फोन मोठा असला तर दोन-चार अक्षरं जास्त. जे कळायला हवं ते कापलं गेलं आणि जे कळून काही उपयोग नाही ते राहिलं. कंपनी नामांकित आहे हे कंपनीला माहीत असतं.

तिसऱ्या वेळी आम्ही उलटं केलं. पद अगदी सुरुवातीला. त्यानंतर जाहिरातीत जे मागितलंय त्यातलं आपल्याकडे काय आहे ते. शेवटी नाव.

> अकाउंट्स असिस्टंट – टॅली, जीएसटी, २० महिने – (पूर्ण नाव)

पदाचं नाव जाहिरातीत लिहिलंय तसंच घ्यायचं. त्यांनी ‘अकाउंट्स असिस्टंट’ लिहिलं असेल तर आपण ‘ज्युनिअर अकाउंटंट’ किंवा ‘लेखापाल’ लिहू नये, अर्थ तोच असला तरी. कारण विषयाची ओळ दोनदा कामाला येते. पहिल्यांदा यादीत, आणि दुसऱ्यांदा आठ-दहा दिवसांनी, जेव्हा साहेब विचारतात, “त्या अकाउंट्सच्या अर्जांचं काय झालं?” तेव्हा मी मेलच्या शोधपट्टीत ‘अकाउंट्स असिस्टंट’ टाकते. ज्यांच्या मेलमध्ये कुठेच हे शब्द नाहीत त्यांचे अर्ज त्या शोधात येत नाहीत. मी मुद्दाम वगळत नाही हो, ते समोरच येत नाहीत. जाहिरातीत एखादा क्रमांक दिला असेल तर तोही जसाच्या तसा टाकायचा, मधली रेघ असेल तर रेघेसकट.

भाचीने विचारलं, पाठवणाऱ्याचं नाव वर दिसतंच, मग विषयात पुन्हा कशाला? प्रश्न बरोबर होता. पण अर्ज माझ्यापाशी थांबत नाही. मला बरा वाटला की मी तो अकाउंट्सच्या प्रमुखांना पुढे पाठवते, आणि त्यांच्या यादीत पाठवणारी म्हणून माझं नाव दिसतं. विषयाची ओळ मात्र तशीच पुढे जाते. मी एकाच सकाळी सहा अर्ज पुढे ढकलले तर त्यांच्याकडे माझ्याच नावाचे सहा मेल असतात, आणि फोनवर ते मला सांगतात, “त्या मुलीचा रिझ्युमे बघितला, बोलवा.” कोणत्या मुलीचा? विषयात नाव असेल तर हा घोळ होत नाही.

एका गोष्टीवर आमचं थोडं वाजलं. जाहिरातीत दोन वर्षं मागितली होती, भाचीकडे वीस महिने होते. तिचं म्हणणं, “दोन वर्षंच लिहूया की, चार महिन्यांनी काय होतंय?” मी नाही म्हटलं, आणि ते काही नीतीमुळे नव्हे. नेमणुकीच्या वेळी मागच्या ठिकाणचं पत्र किंवा पगाराची स्लिप मागतात. त्यावर तारीख असते. तोवर सगळं जमलेलं असतं, आणि अशा वेळी एका आकड्यावरून बाकीच्या रिझ्युमेवरचा विश्वास जातो. शिवाय दोन वर्षांच्या जागेला वीस महिने चालतात, तीन-चार महिन्यांसाठी कुणी अर्ज बाजूला टाकत नाही. सहा महिनेच असते तर विषयात अनुभव न लिहिता फक्त ‘टॅली, जीएसटी’ लिहून बाकीचं आत सांगितलं असतं.

नुकतंच कॉलेज झालेल्यांचा प्रश्न असतो की विषयात लिहायचं काय. पद, पदवी आणि जाहिरातीतली एखादी गोष्ट जी खरंच येते: ‘अकाउंट्स असिस्टंट – बी.कॉम., टॅली – (नाव)’. ‘फ्रेशर’ हा शब्द मी विषयात घालणार नाही. तो रिझ्युमे उघडल्यावर कळतोच.

आता मजकूर. इथे भाचीने इंटरनेटवरून उचललेले तीन परिच्छेद होते. मेहनती आहे, प्रामाणिक आहे, संघात काम करायला आवडतं, कंपनीच्या प्रगतीत हातभार लावायचा आहे. यातली एकही ओळ दुसऱ्या कुणाच्या अर्जात बसणार नाही अशी नव्हती. मी तिला म्हटलं, तू दिवसभर काय करतेस ते मला तोंडी सांग. ती सांगू लागली. महिन्याला साधारण अडीचशे बिलं टॅलीमध्ये चढवते, खरेदीची आणि विक्रीची. बँकेचं स्टेटमेंट जुळवते. महिन्याच्या सुरुवातीला जीएसटीआर-१ साठी विक्रीची यादी काढते, मग जीएसटीआर-२बी, म्हणजे व्यापाऱ्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, उतरवून खरेदीची बिलं त्याच्याशी ताडून बघते, जी दिसत नाहीत त्या व्यापाऱ्यांना फोन लावते. रिटर्न भरतं मात्र सीएचं ऑफिस.

हे ऐकल्यावर मजकूर तयारच झाला. त्यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची. ती रिटर्नची माहिती तयार करते, रिटर्न भरत नाही. मेलमध्ये ‘जीएसटी रिटर्न भरते’ असं लिहिलं असतं तर पोर्टलवर शेवटचं बटण कुणी दाबायचं या प्रश्नावर मुलाखतीत अडकली असती. ‘माहिती तयार करते’ लिहिलं की मुलाखत घेणारा तिला जे येतं त्यावरच विचारणार. आणि त्या कामाला खरी किंमत आहे, कारण २बीत न दिसलेल्या बिलाचा कर परत मिळवणं अडकतं आणि मालकाला ते चांगलंच टोचतं.

शेवटी तिने पाठवलेला मेल असा होता:

> नमस्कार,
>
> अकाउंट्स असिस्टंट या पदासाठी चिंचोळी एमआयडीसीतील आपल्या कारखान्यात अर्ज करत आहे. जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिली.
>
> सध्या सोलापुरातील एका सूत व्यापाऱ्याकडे २० महिन्यांपासून काम करते. महिन्याला सुमारे २५० खरेदी-विक्री बिलांची टॅली प्राइममध्ये नोंद, बँक जुळवणी आणि जीएसटीआर-१ व ३बी साठी माहिती तयार करणे, २बीशी खरेदी ताडून पाहणे हे माझ्याकडे आहे. रिटर्न सीएंच्या ऑफिसातून भरले जाते.
>
> जुळे सोलापूरमध्ये राहते, रोज चिंचोळीला येणे शक्य आहे. नोकरी सोडण्यासाठी एक महिन्याची सूचना द्यावी लागेल.
>
> रिझ्युमे सोबत जोडला आहे.
>
> (पूर्ण नाव)
> (मोबाईल क्रमांक)

यात पहिली ओळ पदापासून सुरू होते हे बघा. यादीत जी करडी ओळ दिसते ती हीच. ‘आदरणीय सर/मॅडम, सविनय’ यात ती वाया गेली असती. नमस्कार पुरतो. भरती बघणाऱ्याचं नाव जाहिरातीत दिलं असेल तर ‘नमस्कार’च्या पुढे आडनाव आणि ‘सर’ किंवा ‘मॅडम’. नाव दिलं नसेल तर लिंक्डइनवर शोधून घालण्याच्या भानगडीत पडू नये, चुकीच्या माणसाचं नाव लागतं आणि ते फार वाईट दिसतं.

राहण्याच्या ठिकाणाची ओळ सोलापूरकरांना विचित्र वाटेल, पण ती मी मुद्दाम घालायला लावली. जुळे सोलापूर विजापूर रस्त्याकडे, चिंचोळी पुणे रस्त्याला. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि त्याही पुढे. भरती बघणाऱ्याच्या मनात पहिली शंका हीच येते की ही महिनाभर येईल आणि मग लांब पडतं म्हणून सोडेल. शंका त्याच्या डोक्यात येण्याआधीच उत्तर दिलेलं बरं. अर्थात ते खरं असेल तर. दुसऱ्या नोकरीत दुसरी शंका असेल: रात्रपाळी, फिरती, मध्ये एक वर्षाचा खंड. अशी एकच शंका निवडायची आणि एका वाक्यात संपवायची. कारणं देत बसलं की शंका वाढते.

पगाराचं काय? जाहिरातीत विचारलं नसेल तर लिहू नये. विचारलं असेल तर मात्र टाळू नये, कारण ‘अपेक्षित पगार लिहा’ असं सांगूनही जे लिहीत नाहीत त्यांचे अर्ज आम्ही कोपऱ्यात ठेवतो, फोन करून विचारायचा वेळ नसतो.

भाषेबद्दल भाची हट्टी होती. मेल इंग्रजीतच पाहिजे, नाहीतर गावठी वाटेल, असं तिचं मत. मला ते पटत नाही. जाहिरात मराठीत असेल तर मराठीत लिहिलेला नेमका मेल तोडक्यामोडक्या इंग्रजीपेक्षा कधीही चांगला. पण तीच मुलगी पुण्याच्या कंपनीला अर्ज करणार असेल आणि जाहिरात इंग्रजीत असेल तर मेलही इंग्रजीत. क्रम तोच:

```
Accounts Assistant - Tally, GST, 20 months - Full Name
```

पुण्यासाठी राहण्याच्या ओळीत सोलापूर लपवू नये. कॉलेजवरून ते कळतंच. ‘पुण्याला राहायला यायची तयारी आहे, एक महिन्याची सूचना’ एवढं पुरे. आणि मुलाखत समोरासमोर असेल तर आदल्या रात्री सांगून चालत नाही, दोन दिवस आधी कळलं तर येता येईल हेही लिहायला हरकत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून पोहोचता येतं हे आपल्याला माहीत, त्यांना नसतं.

जोडलेल्या फाईलबद्दल थोडक्यात. पीडीएफ असावी, फोनने काढलेला फोटो नको. भाचीच्या फाईलचं नाव होतं `Document (3).pdf`. मी ती डाऊनलोड केली की माझ्या कॉम्प्युटरवर आणखी चार `Document` असतात. नाव आणि पद, दोन्ही इंग्रजी अक्षरांत ठेवावं, कारण देवनागरी नाव काही कॉम्प्युटरवर चौकोन-प्रश्नचिन्हं होऊन उघडतं. ड्राइव्हची लिंक तर पाठवूच नये. ती उघडली की बऱ्याचदा `Request access` असं येतं, म्हणजे मी उमेदवाराकडे परवानगी मागायची, मग त्याने ती द्यायची. एवढं कोण करणार?

फाईल जोडायलाच विसरणं ही चूक फार होते, माझीही झाली आहे. उपाय सोपा आहे: मेल लिहायला बसल्यावर फाईल सगळ्यात आधी जोडायची आणि पाठवायचा पत्ता सगळ्यात शेवटी टाकायचा. पत्ता नसेल तर अर्धवट मेल जाऊच शकत नाही. जीमेलमध्ये पाठवल्यावर मागे घ्यायची सोय आहे, पण ती जास्तीत जास्त तीस सेकंदांची, तीही `Settings` मध्ये वाढवून ठेवली असेल तर.

आणखी एक चूक जी मला दर भरतीत दिसते. आधी एका कंपनीला पाठवलेला मेल दुसरीकडे पुढे पाठवायचा. विषयाच्या सुरुवातीला `Fwd:` येतं, खाली आधीच्या कंपनीचा पत्ता आणि तारीख. कधी कधी मजकुरातही तिचंच नाव राहतं. एकदा तर एका मुलाने चाळीसेक पत्ते `To` मध्ये टाकून एकच मेल सगळ्यांना पाठवला. त्या यादीत आमच्या धंद्यातल्या सगळ्यांचे पत्ते होते. दुपारी मला शेजारच्या युनिटमधून फोन आला, “तुमच्याकडेही आला का हो?” त्या मुलाचा रिझ्युमे आम्ही दोघींनीही उघडला नाही. प्रत्येक जागेसाठी नवीन मेल उघडायचा, जुन्यातला मजकूर चिकटवला तरी चालेल, पण पद, विषय आणि शंकेची ओळ हाताने बदलायची.

पाठवल्यावर उत्तर आलं नाही तर पाच-सहा कामाचे दिवस जाऊ द्यावेत. मग त्याच मेलला उत्तर देऊन दोन ओळी लिहायच्या, नवीन विषय करायचा नाही. त्याच धाग्यात राहिलं की जुना रिझ्युमे खालीच असतो, शोधावा लागत नाही. तेवढं एकदाच. तिसऱ्यांदा लिहू नये.

भाचीने मेल मंगळवारी सकाळी पाठवला. पाठवायच्या आधी मी तिला शेवटी एकच गोष्ट तपासायला लावली, मेलमधला मोबाईल क्रमांक आणि रिझ्युमेवरचा क्रमांक सारखा आहे का. नव्हता. रिझ्युमे मागच्या वर्षी केला तेव्हा तिचा फोन दुरुस्तीला होता, म्हणून तिने वडिलांचा क्रमांक घातला होता. माझा भाऊ अनोळखी क्रमांकाचा फोन उचलत नाही, आणि उचलला तर पहिलं वाक्य असतं, “आम्हाला लोन नको.”

शुक्रवारी फोन आला तो तिच्या क्रमांकावर. पहिला प्रश्न रोज चिंचोळीला कशी येणार हा होता, आणि दुसरा, एखादं खरेदी बिल २बीत दिसलं नाही तर काय करता. तिने सांगितलं, आधी त्या व्यापाऱ्याने आपला जीएसटी क्रमांक बरोबर टाकलाय का ते विचारते, मग त्याने रिटर्न भरलं का ते बघते, आणि ते दिसेपर्यंत त्या बिलाचा कर त्या महिन्यात घेत नाही. सोमवारी अकरा वाजता बोलावलं आहे.